तीन निकष, तीन मॉडेल्स: निवड कशाच्या आधारावर करावी?

सरळरेषा

काँक्रीटच्या ६० क्यूबांच्या चाचण्यांची नोंद माझ्याकडे आहे. प्रत्येक क्यूब किती मेगापास्कल दाबाला फुटला हे मोजलेले असून त्याची सरासरी सुमारे ३५ आहे. त्याखेरीज प्रत्येक क्यूबविषयी १८ गोष्टी नोंदवल्या आहेत: पाणी-सिमेंट गुणोत्तर, वय, फ्लाय ॲशचे प्रमाण, वाळूतील ओलावा, मिश्रणाचे तापमान, स्लम्प, मिसळण्याचा वेळ आणि आणखी बरेच काही. यांतून ताकदीचा अंदाज देणारे एक साधे रिग्रेशन मॉडेल मला हवे आहे. वय मी लॉग घेऊन वापरले आहे.

शेवटी हातात तीन मॉडेल्स उरली आणि प्रत्येक निकषाने वेगळेच मॉडेल पसंत केले.

| मॉडेल | चल | अवशेषांच्या वर्गांची बेरीज | समायोजित आर-वर्ग | एआयसी | बीआयसी |
|---|---|---|---|---|---|
| पहिले | ३ | ११४० | ०.६८४ | १८४.७ | १९३.० |
| दुसरे | ५ | १०३४ | ०.७०३ | १८२.८ | १९५.४ |
| तिसरे | ८ | ९६८ | ०.७०५ | १८४.९ | २०३.७ |

पहिल्यात गुणोत्तर, वय आणि फ्लाय ॲश आहेत. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला वाळूतील ओलावा आणि मिश्रणाचे तापमान आले. तिसऱ्यात आणखी तीन चल शिरले असून त्यांपैकी एक चक्क साच्याचा क्रमांक आहे. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

शंकासुर

यात एवढे अवघड काय आहे, ते मला समजले नाही. साधा आर-वर्ग चल वाढवले की वाढतच जातो, म्हणून तर त्याला दंड लावून समायोजित आर-वर्ग तयार केला. दंड वजा करूनही तिसरे मॉडेल वर राहत असेल, तर जादा चलांची किंमत चुकती झालेली आहे. तिसरे घ्या.

उरलेला_अंश

शंकासुर, दंड आहे हे खरे. पण तो किती आहे ते पाहिले पाहिजे. एक नवा चल आत घेतल्यावर समायोजित आर-वर्ग वाढतो की नाही, हे केवळ एका गोष्टीवर ठरते: त्या चलाचे टी-मूल्य, चिन्ह सोडून, १ पेक्षा मोठे आहे का. पूर्णपणे निरुपयोगी चलाचे टी-मूल्यदेखील निव्वळ योगायोगाने सुमारे ३२ टक्के वेळा १ च्या पलीकडे जाते. म्हणजे या दारावरचा पहारेकरी दर तीन भुरट्यांपैकी एकाला आत सोडतो.

एआयसीचा उंबरठा २ च्या वर्गमुळाजवळ, म्हणजे सुमारे १.४ वर आहे, आणि निरुपयोगी चल तो सुमारे १६ टक्के वेळा ओलांडतो. बीआयसीचा उंबरठा निरीक्षणांच्या संख्येनुसार चढत जातो. ६० च्या नैसर्गिक लॉगचे वर्गमूळ २.०२ येते, त्यामुळे तुमच्या बाबतीत तेथे योगायोगाने आत जाण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास आहे. एका चलाच्या प्रश्नापुरते पाहिले, तर तिन्ही निकष एकाच मोजपट्टीवरच्या तीन खुणा आहेत. त्यांच्यात मतभेद झाला याचा अर्थ एवढाच की तुमचे वादग्रस्त चल या खुणांच्या मधल्या पट्ट्यात आहेत.

दुसरे असे की, तुमच्या तक्त्यात मला हवा असलेला स्तंभच नाही. अवशेषांचे प्रमाण विचलन मी तुमच्या आकड्यांवरून काढले. ते पहिल्या मॉडेलसाठी ४.५१, दुसऱ्यासाठी ४.३८ आणि तिसऱ्यासाठी ४.३६ मेगापास्कल आहे. हा सगळा वाद ०.१५ मेगापास्कलचा आहे.

खडी_वाळू

क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवले होते का? तसे नसेल तर नोंदींवर विसंबण्यात अर्थ नाही.

सरळरेषा

खडी_वाळू, क्युअरिंग सगळ्यांचे सारखेच होते. वय मात्र ३ ते ५६ दिवसांपर्यंत वेगवेगळे आहे आणि म्हणूनच ते चल म्हणून घेतले आहे. माझा प्रश्न चाचणीविषयी नसून मॉडेलच्या निवडीविषयी आहे.

डेटावेडा

माझा एक जुना अनुभव सांगतो, कारण एआयसी म्हटले की मला तोच आठवतो. एकदा एका चलाच्या समावेशाने एआयसी एकदम २३ ने खाली आला आणि आम्ही सगळे हरखून गेलो. दोन दिवसांनी लक्षात आले की त्या चलाच्या आठ नोंदी रिकाम्या होत्या. सॉफ्टवेअरने त्या आठ ओळी मुकाट्याने वगळल्या आणि ६० ऐवजी ५२ ओळींवर मॉडेल बसवले. एआयसीत ओळींची संख्या गुणक म्हणून येते, त्यामुळे आमच्यासारखा तो धन असेल, तर ओळी कमी झाल्या की आकडा आपोआप घसरतो. चल बिचारा निरुपयोगीच होता.

आर मधले `step()` अशा वेळी ओळींची संख्या बदलल्याचे सांगून थांबते. आम्ही मात्र मॉडेल्स एकेक करून हाताने बसवत होतो, त्यामुळे आम्हाला अडवणारे कोणी नव्हते. धागालेखकांनी तिन्ही मॉडेल्समध्ये ६० च ओळी आहेत याची खात्री करून घ्यावी.

सरळरेषा

खात्री केली. तिन्हींत ६० ओळी आहेत.

मध्यमान

उरलेला_अंश यांचे गणित मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा सूर मला पटत नाही. अकाइके यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा निकष मांडला, तो नव्या निरीक्षणांचा अंदाज किती चांगला येईल यासाठी. खरे चल कोणते आणि खोटे कोणते, हे ओळखणारे ते यंत्र नाही. श्वार्त्झ यांचा १९७८ चा बीआयसी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. धागालेखकांना अंदाज हवा आहे, मग एखादा कमकुवत चल आत आला म्हणून बिघडले काय? खरा पण क्षीण परिणाम बाहेर ठेवल्यानेही अंदाज बिघडतोच. मी दुसरे मॉडेल घेईन.

उरलेला_अंश

मध्यमान, तुमच्या म्हणण्यातील तत्त्व बरोबर आहे; पण ते एका अटीवर उभे आहे. तुलनेतील मॉडेल्स आधी ठरलेली आणि संख्येने थोडी असावीत, ही ती अट. म्हणून धागालेखकांना विचारतो की ही तीन मॉडेल्स आली कोठून? विषयाच्या ज्ञानावरून आधी लिहून ठेवली होती, की १८ चलांमधून यंत्राने शोधून काढली?

सरळरेषा

प्रामाणिकपणे सांगतो. गुणोत्तर, वय आणि फ्लाय ॲश हे तीन चल असणारच, हे मला आधीपासून माहीत होते. बाकीच्या १५ विषयी माझे काही मत नव्हते. दुसरे मॉडेल खालील पहिल्या ओळीतून आले. दुसरी ओळ चालवल्यावर बीआयसीचा दंड लागला आणि नेमके माझे तीनच चल उरले. तिसरे मॉडेल समायोजित आर-वर्ग सर्वांत मोठा देणारा संच शोधून मिळाले.

```r
step(m_full, k = 2)
step(m_full, k = log(60))
```

उरलेला_अंश

मग एक छोटा हिशेब करू या. क्षणभर असे धरून चालू की ते १५ चल पूर्णपणे निरुपयोगी आहेत आणि त्यांचा एकमेकांशीही फारसा संबंध नाही. एआयसीच्या उंबरठ्यावरून प्रत्येकाची आत येण्याची शक्यता सुमारे ०.१६ आहे, म्हणून १५ पैकी सरासरी २.४ चल आत येतील. तुमच्याकडे २ आले. समायोजित आर-वर्गाच्या उंबरठ्यावरून ०.३२ च्या हिशेबाने ४.८ येतील. तुमच्याकडे ५ आले. बीआयसीने ०.६ ते ०.७ येतील. तुमच्याकडे शून्य आले.

हे आकडे पाहून मी स्वतः थोडा वेळ थांबलो. १५ रकान्यांत फासे टाकून आकडे भरले असते तरी तुमचा तक्ता साधारण असाच दिसला असता. याने ते चल निरुपयोगी आहेत असे सिद्ध होत नाही. फक्त एवढे दिसते की, या १५ मध्ये काही दम आहे असे म्हणायला तुमच्या शोधाने कोणताही पुरावा दिलेला नाही. एआयसीचा दंड एका मॉडेलमधील चलांची संख्या मोजतो. ते मॉडेल सापडण्याआधी किती मॉडेल्स चाचपली, हे त्याला ठाऊक नसते. १५ मधून २ चल निवडण्याचे १०५ मार्ग आहेत आणि त्यांतील विजेत्याची तुलना तुम्ही आधीपासून ठरलेल्या पहिल्या मॉडेलशी करत आहात.

शंकासुर

पण शेवटच्या मॉडेलमधील पी-मूल्ये चांगली असतील तर? ती तर स्वतंत्र तपासणी झाली ना?

उरलेला_अंश

ती स्वतंत्र नाही, कारण निवड आणि तपासणी एकाच माहितीवर झाली. फ्रीडमन यांनी १९८३ मध्ये हे फार साध्या प्रयोगाने दाखवले होते. त्यांनी १०० निरीक्षणे आणि ५० चल घेतले, सगळेच यादृच्छिक आकडे, कशाचा कशाशी संबंध नाही. पहिल्या फेरीत ज्यांचे पी-मूल्य ०.२५ च्या खाली होते असे १५ चल ठेवले आणि त्या १५ वर पुन्हा रिग्रेशन केले. दुसऱ्या फेरीत ६ चल ०.०५ च्या पातळीवर अर्थपूर्ण दिसले. ती दुसरी फेरी एकटी वाचणाऱ्याला त्या सहांवर शंका घेण्याचे काहीच कारण दिसले नसते.

शंकासुर

हे मात्र अस्वस्थ करणारे आहे. गेल्या वर्षी मी दिलेला एक अहवाल आता उघडून पाहावा लागेल. तेथे पी-मूल्यांचा तक्ता मी मोठ्या अभिमानाने ठळक अक्षरांत छापला होता.

डेटावेडा

उघडू नका. अज्ञानात सुख असते.

सरळरेषा

दुसऱ्या मॉडेलमध्ये ओलाव्याचे टी-मूल्य १.७६ आणि तापमानाचे १.५६ आहे. काल रात्री मी बूटस्ट्रॅप करून पाहिला. ६० ओळींतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन ५०० वेळा संपूर्ण `step()` नव्याने चालवले. गुणोत्तर आणि वय प्रत्येक वेळी आले. ओलावा ६४ टक्के वेळा आणि तापमान ५७ टक्के वेळा आले. अर्ध्याहून अधिक वेळा आले म्हणजे त्यांना ठेवावे, असे म्हणता येईल का?

उरलेला_अंश

येणार नाही, आणि येथे पुष्कळ जण फसतात. ज्या चलाचे टी-मूल्य मूळ माहितीत उंबरठ्याच्या किंचित वर आहे, ते पुनर्नमुन्यांत उंबरठ्याच्या आजूबाजूला डोलत राहणार आणि निम्म्याहून थोड्या अधिक वेळा आत येणार. ६४ आणि ५७ हे आकडे तुम्हाला १.७६ आणि १.५६ हेच वेगळ्या भाषेत परत सांगत आहेत. बूटस्ट्रॅपकडून शिकायचे ते वेगळे: ५०० वेळांत किती निरनिराळे संच निघाले?

सरळरेषा

मोजले. २०० हून अधिक निघाले. माझा पाच चलांचा नेमका संच त्यांत फक्त ११ वेळा आला.

मध्यमान

मी मागे हटत नाही, पण भूमिका थोडी बदलतो. शोधाची किंमत मोजायची असेल तर क्रॉस-व्हॅलिडेशन करा. मात्र निवडीची प्रक्रिया प्रत्येक घडीच्या आत करा. आधी ६० ओळींवर चल निवडून नंतर केवळ सहगुणक घडी घालून तपासले, तर ते वरच्या पी-मूल्यांसारखेच फसवे होईल, कारण बाजूला ठेवलेल्या ओळींनी निवडीत आधीच मत दिलेले असते.

सरळरेषा

तसे केले. दहा घड्या, २० वेळा वेगवेगळ्या फोडी. पहिल्या मॉडेलची अंदाजातील चूक ४.७ मेगापास्कल आली. प्रत्येक घडीत एआयसीने नव्याने निवड केल्यावर ती ४.९ झाली. उलट, आधीच निवडलेले पाच चल पक्के ठेवून घड्या घातल्या तर ४.६ येते. म्हणजे फसवा मार्ग दुसऱ्या मॉडेलला जिंकवतो आणि प्रामाणिक मार्ग हरवतो.

मध्यमान

०.२ चा फरक ६० ओळींवर निर्णायक मानता येणार नाही. तरीही, दुसऱ्या मॉडेलची बाजू मी घेतली ती आता कमकुवत झाली, हे मान्य करतो. ओलाव्याविषयी मात्र मला अजूनही वाटते की त्याला आकड्यांबाहेरचे कारण आहे. ओली वाळू पाणी सोबत घेऊन येते.

खडी_वाळू

आता माझ्या विषयावर आलात. आधी मी प्रश्न चुकीचा वाचला होता. पण माझ्या दुसऱ्या शंकेचे उत्तर येथे अजून कोणी दिलेले नाही. तुमचे पाणी-सिमेंट गुणोत्तर कोणत्या पाण्याचे आहे? फक्त मोजून ओतलेल्या पाण्याचे असेल, तर वाळूत आधीच असलेले पाणी त्यात धरलेले नाही आणि तुमचे गुणोत्तर प्रत्येक मिश्रणात वेगवेगळ्या प्रमाणात कमी लिहिले गेले आहे. अशा वेळी ओलावा हा स्वतंत्र चल नसून गुणोत्तराची राहिलेली दुरुस्ती आहे. उलट गुणोत्तर आधीच दुरुस्त केलेले असेल, तर ओलाव्याला ताकदीवर परिणाम करायला फारसे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट. ताकद आणि गुणोत्तर यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो. एब्रम्स यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार गुणोत्तर वाढले की ताकद घातांकी रीतीने घटते. तेव्हा ताकदीचाच लॉग घ्यायला हवा.

सरळरेषा

लॉग घेऊन पाहिले! तेच तीन चल, आणि एआयसी थेट उणे २४२. १८२.८ च्या तुलनेत ही झेप प्रचंड आहे.

डेटावेडा

माझ्या २३ चा विक्रम मोडला गेला.

उरलेला_अंश

सरळरेषा, थोडे थांबा. मेगापास्कलचा लॉग घेतल्यावर मोजमापाचे एककच बदलले, त्यामुळे हे दोन एआयसी एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. मूळ मोजपट्टीवर परत यायचे असेल, तर लॉगच्या मॉडेलच्या एआयसीत सर्व ताकदींच्या लॉगच्या बेरजेची दुप्पट मिळवावी लागते.

```r
extractAIC(m_log)[2] + 2 * sum(log(takad))
```

सरळरेषा

लॉगची बेरीज २१२.० आहे, म्हणजे उणे २४२ अधिक ४२४, एकूण १८२.० आले. झेप विरघळली. तरीसुद्धा तीन चलांचे लॉग मॉडेल पाच चलांच्या दुसऱ्या मॉडेलपेक्षा थोडे खालीच राहिले. बीआयसीही १९३.० वरून १९०.४ वर आला.

उरलेला_अंश

हा १८२.० मला तुमच्या १८२.८ पेक्षा अधिक बोलका वाटतो. आकडा ०.८ ने लहान आहे म्हणून नव्हे. इतका फरक दुर्लक्ष करण्याजोगाच आहे. दोघांचा जन्म वेगळ्या रीतीने झाला आहे, हे कारण. एक १०५ जोड्यांतून निवडून आला आणि दुसरा खडी_वाळू यांनी तुमचे आकडे न पाहता सुचवला. एकच बदल करून पाहिला आणि तोच पुरला. जे दोन चल शोधून सापडले, त्यांच्या कामाचा काही भाग सरळ रेषेच्या चुकीची भरपाई हा असू शकतो. लॉगच्या मॉडेलमध्ये ओलाव्याचे टी-मूल्य किती येते?

सरळरेषा

१.४१. अगदी उंबरठ्यावर. तापमान ०.८ वर आले.

शंकासुर

आणि साच्याचा क्रमांक? त्याची मला काळजी लागून राहिली आहे.

सरळरेषा

०.९. त्याला निरोप दिला.

डेटावेडा

साचे ज्या क्रमाने वापरले त्याच क्रमाने चाचण्या झाल्या असतील, तर त्या क्रमांकात यंत्राच्या कॅलिब्रेशनची हळूहळू होणारी सरक लपलेली असू शकते. निरोप देण्यापूर्वी अवशेष चाचणीच्या तारखेसमोर मांडून एकदा पाहा.

मध्यमान

आता तुम्ही सगळे मिळून विषयज्ञानाच्या नावाखाली हळूहळू तीच स्टेपवाइज करत आहात, फक्त हाताने. लॉग, मग ओलावा, मग तारीख. याची किंमत कोण मोजणार?

उरलेला_अंश

हा आक्षेप रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. प्रत्येक पाऊल का टाकले हे लिहून ठेवता येते आणि नवे क्यूब आले की त्यांवर तपासता येते. या ६० ओळींवर मात्र आता कोणतेही पी-मूल्य शुद्ध राहिलेले नाही.

खडी_वाळू

माझ्या प्रश्नाचे उत्तर बाकी आहे. गुणोत्तर दुरुस्त केलेले आहे की नाही?

सरळरेषा

आज नोंदवही उघडून पाहिली. दुरुस्त केलेले नाही; गुणोत्तर फक्त ओतलेल्या पाण्यावरून काढलेले आहे. ओलाव्याची टक्केवारी सर्व ६० मिश्रणांची आहे, परंतु वाळूचे वजन फक्त ४१ मिश्रणांचे लिहिलेले आहे, आणि वजनाशिवाय वाळूतील पाणी काढता येत नाही. त्या ४१ ओळींवर दुरुस्त गुणोत्तर घेऊन लॉगचे मॉडेल आत्ताच बसवले. मूळ मोजपट्टीवर आणलेला एआयसी बराच खाली आला आहे.

डेटावेडा

४१ ओळी!

सरळरेषा

हो, हो, लक्षात आहे. जुने गुणोत्तर घेऊनही त्याच ४१ ओळींवर मॉडेल पुन्हा बसवतो आणि मगच दोन्ही आकडे येथे देतो.